एकाच्या रांगेत ३१ आणि दुसऱ्याच्या १२ : तिकिटं वाटणारा नियम नक्की काय बघतो?

पंचगंगाकाठ
आमचा सहा जणांचा मदतकक्ष आहे. सीमाभागातले ग्राहक असल्यामुळे तक्रारी मराठी आणि कन्नड दोन्हीत येतात. प्रत्येक तक्रारीचं एक तिकीट बनतं, दिवसाला साधारण १२० तिकिटं. त्यात ७२ सामान्य, ३० बिलाची आणि १८ कन्नड. माणसांना इथे क, ख, ग, घ, च, छ म्हणते.

सामान्य तिकिटं सहाही जणांत राउंड रॉबिनने, म्हणजे पाळीपाळीने फिरतात. बिलाचं कौशल्य क, ख, ग यांच्या नावावर आहे आणि कन्नड फक्त क आणि घ यांना येतं. या दोन्ही गटांच्या आतही राउंड रॉबिनच लावलंय. च आणि छ फक्त सामान्य तिकिटं बघतात.

रोज संध्याकाळी आकडे काढले की क कडे ३१ तिकिटं आलेली असतात आणि च कडे १२. सॉफ्टवेअर देणाऱ्यांचं म्हणणं, नियम बरोबर चाललाय, सगळ्यांना समान वाटप होतंय. हे समान कसं? क च्या नावावरचं एखादं कौशल्य काढून टाकू का?

गणकयंत्र_७
राउंड रॉबिनमध्ये प्रत्येकाला ठरावीक वेळेचा तुकडा मिळतो आणि तो संपला की काम पुढच्याकडे जातं. तुमच्याकडे तो तुकडा फार मोठा ठेवलेला असणार. वेळ कमी करा, क कडे काम साचणार नाही.

मुठेचं_पाणी
गणकयंत्र, ते प्रोसेसरचं राउंड रॉबिन. तिथे अर्धवट काम काढून घेऊन दुसऱ्याला वेळ देतात आणि मग ते काम पुन्हा पुढे चालू होतं. इथे तिकीट एकदा क च्या रांगेत पडलं की संपेपर्यंत क चंच. फिरतो तो फक्त 'पुढचं कुणाला' हा काटा. तुकडा वगैरे काही नाही.

जोडारी
ताई, नियम बिघडलेला नाही. तो तुम्ही सांगितलं तेवढंच करतोय. तुम्ही एक चक्र लावलंय असं तुम्हाला वाटतं, पण प्रत्यक्षात तीन चक्रं आहेत आणि ती एकमेकांकडे बघत नाहीत.

सामान्य चक्रात सहा जण, ७२ तिकिटं, प्रत्येकी १२. बिलाच्या चक्रात तिघं, ३० तिकिटं, प्रत्येकी १०. कन्नड चक्रात दोघं, १८ तिकिटं, प्रत्येकी ९. प्रत्येक चक्राच्या आत वाटप अगदी समान आहे, म्हणून सॉफ्टवेअरवाले 'बरोबर' म्हणतात. पण क तिन्ही चक्रांत बसलाय. त्याचे झाले १२ + १० + ९ = ३१. ख आणि ग दोन चक्रांत, त्यांचे २२. घ चे २१. च आणि छ एकाच चक्रात, १२. बेरीज करून बघा, बरोबर १२० भरते.

म्हणजे कुणाच्याही रांगेत किती येणार हे आधीच काढता येतं. तो ज्या ज्या गटात आहे, त्या प्रत्येक गटाची तिकिटं भागिले त्या गटातली माणसं, आणि सगळ्यांची बेरीज. जितकी कौशल्यं जास्त तितकी बेरीज मोठी. आणि एखादं कौशल्य दुर्मीळ असेल तर भाजक लहान, म्हणून थोडी तिकिटंही बरंच ओझं घालतात. कन्नडची तिकिटं बिलापेक्षा कितीतरी कमी आहेत, तरी क च्या अंगावर जवळपास तेवढीच येतात.

कौशल्य काढून टाकू नका. क चं कन्नड काढलंत तर १८ च्या १८ घ कडे जातील, त्याचे ३० होतील. म्हणजे हेच दुखणं शेजारच्या टेबलावर जाईल.

सोपं_उत्तर
यात एवढं काय? राउंड रॉबिन काढून टाका आणि 'ज्याच्याकडे सर्वात कमी, त्याला पुढचं' हा नियम लावा. बिल आणि कन्नड जिथे जायचं तिथे जाईल, सामान्य तिकिटं आपोआप रिकाम्या लोकांकडे वळतील. दिवसाअखेर सगळ्यांचे २०. संपला विषय.

जोडारी
सोपं_उत्तर, दिशा बरोबर आहे आणि २० चा हिशोबही जुळतो. क ला १९ विशेष तिकिटं आणि १ सामान्य, ख-ग ला १० सामान्य, घ ला ११, च-छ ला २०-२०. पण विषय तिथे संपत नाही, कारण तिकीट म्हणजे काही एकाच मापाची वीट नाही.

ताई, एका प्रकाराच्या तिकिटाला सरासरी किती मिनिटं लागतात ते सांगाल का? तिकीट उघडल्यापासून बंद होईपर्यंतची वेळ नको, तीत ग्राहकाच्या उत्तराची वाट बघणंही धरलेलं असतं. माणूस प्रत्यक्ष त्यावर बसतो ती वेळ हवी.

पंचगंगाकाठ
घड्याळ लावून काही दिवस नोंदी ठेवल्या होत्या. सामान्य ८ मिनिटं, बिल २० मिनिटं (मागच्या पावत्या काढून ताळा करावा लागतो), कन्नड १२ मिनिटं.

जोडारी
मग आता बघा. आजच्या पद्धतीत क चे ३१ म्हणजे ९६ + २०० + १०८ = ४०४ मिनिटं. च चे १२ म्हणजे ९६ मिनिटं. चौपटीहून जास्त फरक आहे, तिकिटांच्या संख्येत तो अडीचपटच दिसत होता.

आता 'सगळ्यांचे २०' करा. च ची २० सामान्य तिकिटं १६० मिनिटांची होतात. क ची २० तिकिटं, म्हणजे १ सामान्य, १० बिल आणि ९ कन्नड, ३१६ मिनिटांची. पाटीवर दोघांचा आकडा सारखा दिसेल आणि क तरीही जवळपास दुप्पट वेळ बसलेला असेल. हे मला जास्त धोक्याचं वाटतं, कारण आत्ता निदान ३१ आणि १२ दिसतात म्हणून तुम्ही इथे विचारलंत. २०-२० दिसले असते तर क ची कुरकूर कुणी ऐकूनच घेतली नसती.

रिंगटोन
आमच्याकडे तिकिटं नाहीत, फोन आहेत, पण दुखणं हेच. अ‍ॅस्टेरिस्क हे फोन वळवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो.

```
[kannada]
strategy=rrmemory
wrapuptime=30
ringinuse=no
member => PJSIP/101,0
member => PJSIP/104,0
member => PJSIP/102,5
```

`rrmemory` म्हणजे शेवटचा फोन कुणाकडे गेला ते लक्षात ठेवून पुढच्यापासून सुरुवात. पण ही आठवण त्या त्या रांगेपुरती असते. १०१ नंबरवाला `kannada` आणि `bill` दोन्हीत असेल, तर एका रांगेने आत्ताच त्याला फोन दिलाय हे दुसऱ्या रांगेच्या गावीही नसतं.

फोनमध्ये याची झळ अशी लागते. `wrapuptime=30` मुळे फोन ठेवल्यावर नोंद लिहायला ३० सेकंद मिळायला हवीत. `[general]` मध्ये `shared_lastcall=no` असेल तर ही ३० सेकंदं फक्त त्याच रांगेला कळतात. दुसऱ्या रांगेतला फोन लगेच वाजतो. एकाच रांगेत असलेल्या माणसाला ही अडचण कधी येत नाही, म्हणून ती पटकन सापडतही नाही. चार रांगांत असलेला माणूस 'मला श्वास घ्यायला मिळत नाही' म्हणतो आणि अहवालात मात्र सगळं नियमात दिसतं.

शेवटच्या ओळीतला ५ म्हणजे पेनल्टी. ० वाले दोघंही गुंतलेले किंवा बाहेर असतील तरच १०२ ला फोन जातो. ज्याला थोडंफार कन्नड येतं त्याला असा मागे उभा करता येतो.

मुठेचं_पाणी
रिंगटोन, `fewestcalls` चं पण सांगा. सोपं_उत्तर जे म्हणतायत त्याचाच तो फोनमधला भाऊ.

रिंगटोन
हो. `fewestcalls` मध्ये ज्याने सर्वात कमी फोन घेतलेत त्याला पुढचा. ऐकायला न्याय्य वाटतं. पण कुणी दुपारी १ वाजता लॉगिन केलं तर त्याची मोजणी शून्यापासून असते आणि बाकीच्यांची ४० वर. मग तो ४० ला पोचेपर्यंत प्रत्येक फोन आधी त्याच्याकडेच जातो. अर्ध्या दिवसाच्या पाळीवाल्याचा त्यात भुगा होतो. त्यापेक्षा `leastrecent` बरं, त्यात किती घेतले ते न बघता शेवटचा फोन ठेवून किती वेळ झाला ते बघतात.

सोपं_उत्तर
पण मी दिवसभरात घेतलेल्यांची मोजणी म्हणत नव्हतो. आत्ता उघडी असलेली तिकिटं मोजायची. त्यात हा शून्याचा घोळ होत नाही ना?

जोडारी
होतो, फक्त रूप वेगळं. रजेवरून परतलेल्या माणसाच्या नावावर एकही उघडं तिकीट नसतं. सकाळी ९ ला तो हिरवा झाला की बाकीच्यांच्या पातळीला येईपर्यंत सगळा ओघ त्याच्याकडे. दहा मिनिटांत पंधरा तिकिटं पडलेली मी बघितलीत. यावर उपाय म्हणजे प्रत्येकाला एका वेळी किती उघडी चालतील याची मर्यादा. पहिल्या तासाला ४ ठेवा, नंतर वाढवा.

आणि उघडं कशाला म्हणायचं हा दुसरा भाग. ग्राहकाच्या उत्तराची वाट बघत थांबलेली तिकिटं मोजणीत धरलीत, तर जो माणूस पटापट निकाल लावतो त्याच्याकडे नवीन जास्त येतं आणि जो तिकीट रेंगाळत ठेवतो तो सुरक्षित राहतो. नाही धरलीत, तर कठीण वाटलं की 'ग्राहकाकडे माहिती मागितली' करून बाजूला सारायची वाट मोकळी होते. मी न धरण्याच्या बाजूचा आहे, पण मग आठवड्यातून एकदा थांबलेल्या तिकिटांची यादी कुणीतरी डोळ्यांखालून घालायला हवी.

सेल्सफोर्सच्या ऑम्नी-चॅनल या काम वाटणाऱ्या सोयीत 'सर्वात मोकळा कोण' हे ठरवायचेही दोन पर्याय वेगवेगळ्या नावांनी आहेत. समजा एकाची मर्यादा १० आहे आणि ४ चालू आहेत, दुसऱ्याची मर्यादा ६ आणि चालू २. `Least Active` दुसऱ्याला देईल, कारण ४ पेक्षा २ कमी. `Most Available` पहिल्याला देईल, कारण त्याच्याकडे ६ जागा रिकाम्या आणि दुसऱ्याकडे ४. माणसं तीच, कामं तीच, पण निवडलेल्या शब्दाप्रमाणे तिकीट वेगळ्या टेबलावर जातं.

बाराखडी
पंचगंगाकाठ, एक विचारते. च आणि छ यांचे आकडे सारखे असतात का? की एकाला सतत जास्त?

पंचगंगाकाठ
दोघांचे जवळपास सारखेच. कधी १२-१२, कधी १२-१३. का हो?

बाराखडी
मग तुमच्याकडे जोडारी म्हणतात तसे तीन वेगळे काटे आहेत. हे विचारलं कारण काही सॉफ्टवेअरमध्ये, आणि घरी लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये तर हमखास, काटा एकच असतो. नावांची एकच यादी, त्यावर एकच खूण, आणि ज्याला कौशल्य नाही त्याला ओलांडून पुढे जायचं. तिथे घोळ फार वेगळा होतो आणि सहज लक्षात येत नाही.

सोपं करण्यासाठी बिल बाजूला ठेवू. समजा १०२ सामान्य आणि १८ कन्नड, आणि कन्नड येणारे यादीत पहिले दोघं, अ आणि आ. त्यांच्यामागे इ, ई, उ, ऊ. खूण इ वर असताना कन्नड तिकीट आलं तर इ, ई, उ, ऊ चौघांना ओलांडून ते अ कडे जातं. खूण ई वर असली तरी अ कडे. उ वर, ऊ वर असली तरी अ कडेच. आ ला कन्नड तिकीट मिळायला खूण नेमकी आ वरच असावी लागते.

मी हे कागदावर सोडवलं. १८ पैकी १४ अ कडे जातात आणि ४ आ कडे. कौशल्य दोघांचं एकच, फरक फक्त यादीतल्या जागेचा.

एवढ्यावर थांबत नाही. चौघांना ओलांडून अ ला तिकीट दिलं की खूण आ वर येऊन बसते, म्हणजे उरलेल्यांची सामान्य तिकिटाची पाळी बुडते. सर्वात जास्त बुडते ती शेवटच्याची. त्यामुळे इ ला दिवसाला २२ सामान्य तिकिटं आणि ऊ ला १३. दोघांनाही फक्त सामान्यच येतं, तरी एवढा फरक! यादी आडनावाप्रमाणे लावलेली असेल तर आडनावाच्या पहिल्या अक्षरावर माणसाचा दिवस ठरतो.

म्हणून ओळखायची खूण ही: एकाच कौशल्याच्या दोन माणसांचे आकडे आठवडाभर एकाच दिशेने वेगळे राहत असतील तर काटा एकच आहे. तुमचे च-छ सारखे आहेत, म्हणजे तुमच्याकडे हा दोष नाही.

गणकयंत्र_७
बाराखडी, मग अ आणि आ यांना यादीत लांब लांब ठेवलं तर? पहिला आणि चौथा?

बाराखडी
चालेल. पहिला आणि चौथा ठेवलं की दोघांच्या पुढे ओलांडायला दोन-दोन माणसं येतात आणि कन्नड ९-९ वाटली जातात. पण मधला एक जण रजेवर गेला की पुन्हा तोल ढळतो. खूणच ठेवू नये हे बरं. प्रत्येक तिकिटाला, ते घेऊ शकणाऱ्यांपैकी ज्याला शेवटचं काम मिळून सर्वात जास्त वेळ झाला, त्याला द्यावं.

```python
def pick(task, workers, last):
    fit = [w for w in workers
           if task.skill in w.skills and w.online]
    return min(fit, key=lambda w: last[w])
```

`last` सगळ्या प्रकारांसाठी एकच ठेवायचं, ही यातली मेख आहे. कन्नड तिकीट मिळालं की अ ची वेळ ताजी होते आणि तो सामान्य तिकिटांसाठीही मागे जातो. तीन चक्रांना एकमेकांची खबर नसण्याचा जो घोळ जोडारींनी सांगितला, तो यात बराच कमी होतो.

मुठेचं_पाणी
रात्री ८ ला कन्नड तिकीट आलं आणि क, घ दोघंही घरी गेलेले असतील तर `fit` रिकामी. `min` तिथेच चूक फेकून थांबेल. स्क्रिप्ट दर मिनिटाला चालत असेल आणि तिकिटं एकामागून एक घेत असेल, तर त्या एका तिकिटापाशी अडकून मागची सामान्यही अडतील.

बाराखडी
बरोबर पकडलंत. `fit` रिकामी असेल तर `None` परत करायचं, ते तिकीट न वाटलेल्यांत ठेवायचं आणि पुढच्याकडे वळायचं. माझ्या तुकड्यात ते राहिलं.

रिंगटोन
न वाटलेल्यांत ठेवून तरी किती वेळ ठेवणार? बऱ्याच ठिकाणी 'इतक्या मिनिटांत कुणी मिळालं नाही तर कौशल्याची अट सोडा' अशी सोय असते. झेंडेस्कमध्येही आहे. बिलासारख्या कामाला ती चालते, च ला बिलाला २० ऐवजी ३५ मिनिटं लागतील पण तो काढेल. कन्नडला अजिबात लावू नका. च ला ते वाचताच येणार नाही. तो क ला पाठवेल, आणि हाताने पाठवलेलं तिकीट वाटपाच्या नियमातून जात नाही, म्हणून ते क च्या मोजणीतही दिसत नाही. पंचगंगाकाठ, तुमच्या ३१ मध्ये अशी हातोहात आलेली धरली आहेत का? आणि पुन्हा उघडलेली?

पंचगंगाकाठ
नाही! ३१ हा फक्त सॉफ्टवेअरने वाटलेल्यांचा आकडा आहे. पुन्हा उघडलेलं तिकीट थेट आधीच्याच माणसाकडे जातं. ते मी कुठेच मोजत नव्हते.

वाटसरू_सांगली
मूळ प्रश्नाकडे जरा मागून येतो. एखादं तिकीट 'बिल' आहे हे कोण ठरवतं? शब्दावरून ठरत असेल तर आधी तिथे बघा. मराठी मजकुरात 'बिल' शोधलं की 'बिलकुल' सापडतं. 'नेट बिलकुल चालत नाही' ही तक्रार बिलाच्या चक्रात जाते. 'बिल्डिंग नंबर ४' असा पत्ता लिहिला तरी तेच.

मुठेचं_पाणी
पूर्ण शब्द जुळवा की, `\bबिल\b` लावून.

वाटसरू_सांगली
पायथनच्या `re` मध्ये लावून बघा. 'बिलकुल' सुटतं, पण 'बिल्डिंग' सुटत नाही. काना, मात्रा, हलन्त ही चिन्हं तिथे `\w` मध्ये धरली जात नाहीत. 'बिल्डिंग' मध्ये ल नंतर हलन्त आहे, त्यामुळे शब्द तिथेच संपला असं समजून ते जुळतं. 'बिलात' आणि 'बिलाचं' जुळतात तेही याच कारणाने, म्हणजे हवं ते योगायोगाने मिळतं आणि नको तेही मिळतं. नियमाआधी 'बिल्डिंग' ची वेगळी गाळणी लावावी लागेल. त्यापेक्षा तक्रारीच्या अर्जावर ग्राहकालाच 'कशाबद्दल' हे निवडायला लावणं जास्त भरवशाचं.

पंचगंगाकाठ
कालची बिलाची ३० तिकिटं एकेक उघडून बघितली. सहा बिलाची नव्हतीच. चार 'बिलकुल', दोन 'बिल्डिंग'. वाटसरू, हे माझ्या कधीच लक्षात आलं नसतं. गाळणी लावून घेते. आता क चं ओझं बरंच उतरेल ना?

जोडारी
गाळणी नक्की लावा, पण फार आशा धरू नका. सहा तिकिटं बिलातून सामान्यात गेली म्हणजे सामान्य ७८, बिल २४, कन्नड १८. क चे १३ + ८ + ९ = ३०. एकाने कमी. कारण ती सहा तिकिटं दुसऱ्या दाराने पुन्हा त्याच्याकडेच येतात, तो सामान्य चक्रातही आहे ना.

म्हणून पहिलं पाऊल हे: क ला सामान्य चक्रातून काढा. कौशल्य तसंच ठेवा, चक्र काढा. मूळ ७२-३०-१८ धरून सांगतो, गाळणी लावल्यावर तुम्ही पुन्हा काढा. क कडे १९ विशेष तिकिटं राहतील, ३०८ मिनिटांची. बाकीच्या पाच जणांनी मिनिटं सारखी वाटून घेतली तर प्रत्येकी २१७ च्या आसपास येतात. तसं व्हायला सामान्यातली ख-ग ला २-२, घ ला १४, च-छ ला २७-२७ जायला हवीत.

क तरीही वरच राहतो. त्याला खाली आणायचं तर बिलाच्या चक्रात आणखी कुणी हवं. च ला बिल शिकवलंत की क ची बिलाची १० ची साडेसात होतात, म्हणजे ५० मिनिटं कमी.

सोपं_उत्तर
क ला सामान्यातून पूर्ण काढायला माझा विरोध आहे. कन्नड तिकिटं दिवसभर सारखी येतात थोडीच? सकाळी दोन आणि दुपारनंतर सोळा आली तर सकाळभर क बसून राहील आणि च दमेल. सामान्यात त्याला ठेवा, पण रिंगटोनच्या पेनल्टीसारखा मागे. बाकी पाचही जण आपापल्या मर्यादेला पोचले तरच त्याला सामान्य.

जोडारी
हे मला पटलं. तुमच्या टूलमध्ये असा मागचा क्रम लावता येत असेल तर काढण्यापेक्षा तेच करा, ताई.

पंचगंगाकाठ
मागचा क्रम लावता येतो, आत्ताच तपासलं. सोमवारपासून क सामान्यासाठी मागे, बिलाला गाळणी, आणि च चं बिलाचं शिकणं सुरू.

एक अडचण उरते. भिंतीवरच्या पाटीवर प्रत्येकाच्या तिकिटांची संख्या दिसते. उद्या तिथे क समोर १९ आणि च समोर २७ दिसणार. च आजच म्हणाला, "ताई, म्हणजे आता मी जास्त काम करायचं का?"

बाराखडी
पाटीवर संख्येऐवजी मिनिटं लावा. प्रकाराप्रमाणे ८, २०, १२ ने गुणून.

रिंगटोन
ती ८-२०-१२ कुणाची? सहा जणांची सरासरी. बिलाची २० मिनिटं क ची असतील, कारण त्याचा हात बसलाय. च शिकताना ३५ घेईल आणि पाटी त्याला २० चंच श्रेय देईल. शिवाय बिलाचा नमुना बदलला की आकडे शिळे. दर महिन्याला घड्याळ लावून बसणार का?

बाराखडी
मग शिकणाऱ्याला पहिले दोन महिने वेगळा आकडा द्या.

पंचगंगाकाठ
तो आकडा कुणी ठरवायचा यावरून उद्या इथे ख आणि ग भांडतील. आधी महिनाभर पाटीवर दोन्ही रकाने ठेवून बघते. घ विचारतोय, पुन्हा उघडलेली तिकिटं कुठल्या रकान्यात जाणार?